आजारी मुलीला आजीजवळ ठेवून जाताना कागदावर नेमकं काय लिहावं?

पारिजात | सोमवार, रात्री ८:५०

माझी मुलगी सव्वादोन वर्षांची आहे, वजन १२ किलो. शनिवारी ताप आला, काल संध्याकाळपासून जुलाब आणि मधूनमधून उलटी. डॉक्टरांनी तपासलं. पोटाचा संसर्ग आहे, घरीच सांभाळा म्हणाले. तापाला पॅरासिटामॉल, शिवाय ओआरएस आणि झिंक. उद्या मला कामावर जाणं टळत नाही. सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सहापर्यंत ती माझ्या आईजवळ असेल.

आज अर्ध्या दिवसासाठी गेले होते, तेव्हा आईसाठी हा कागद लिहून ठेवला होता:

"तापाचं औषध ४ वेळा (८, १२, ४, ८). ओआरएस भरपूर पाजणे. झिंक एकदा. काही वाटलं तर फोन कर."

सकाळी साडेसातला तिचं अंग तापलं म्हणून मीच ३.५ मिली पाजलं आणि धांदलीत निघाले. आईने कागदात लिहिल्याप्रमाणे आठला पुन्हा ३.५ मिली पाजलं. बाराला तिसरा डोस द्यायच्या आधी सहज फोनवर बोलणं झालं म्हणून कळलं. लगेच डॉक्टरांना विचारलं. एकदा असं झाल्याने इजा होणार नाही, पण आता संध्याकाळपर्यंत देऊ नका, असं ते म्हणाले. पोरगी ठीक आहे. आई मात्र दिवसभर स्वतःला बोल लावत बसली, आणि तिची काहीच चूक नव्हती. तिने मी लिहिलं तसंच केलं.

उद्याचा कागद नीट लिहायचा आहे. तुम्ही काय लिहिता?

---

दोन_पोरांचा_बाप | रात्री ९:०५

मोबाइलला गजर लावून द्या, कागद लागतच नाही. आणि एकाच औषधावर राहू नका. आम्ही पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन आलटून पालटून दर तीन तासांनी देतो, ताप डोकं वर काढत नाही. मध्ये गार पाण्याने अंग पुसायचं. ओआरएसचं म्हणाल तर उलटी थांबेपर्यंत पोटाला आराम द्या, काही पाजू नका. दोन्ही मुलांना असंच बरं केलंय.

---

जुनी_परिचारिका | रात्री ९:३०

बालरुग्ण विभागात माझी बावीस वर्षं गेली. घरी सोडताना पालकांना असे कागद लिहून देणं हे रोजचंच काम होतं.

आधी वरच्या सल्ल्याबद्दल. जुलाब-उलट्या चालू असलेल्या मुलाला आयबुप्रोफेन स्वतःहून देऊ नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या औषधाने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. तापावर ते चांगलं औषध आहे, पण या मुलीसाठी आज नाही. दुसरं म्हणजे दोन औषधं आलटून पालटून द्यायची तर दोन्हींची वेगळी अंतरं लक्षात ठेवावी लागतात, आणि दिवसभर एकट्या माणसाच्या हातून तिथेच चूक होते. गार पाण्याने मूल कुडकुडतं आणि कुडकुडण्याने अंग आतून आणखी तापतं. कपडे हलके ठेवा, तेवढं पुरे. आणि उलटी थांबेपर्यंत काही न पाजणं तर नकोच, त्यावर सावकाश लिहिते.

आता पारिजात, तुमच्या कागदात गडबड कुठे झाली ते सांगते. औषधं दोन जातींची असतात. झिंक किंवा अँटिबायोटिक ही घड्याळाची औषधं. मूल हसत असो की रडत असो, वेळ झाली की द्यायची. तापाचं औषध गरजेचं असतं. त्याला ठरलेली वेळ नसते. गरज पडली का, आणि मागच्या डोसला पुरेसे तास झाले का, एवढंच बघायचं असतं. तुम्ही गरजेच्या औषधापुढे घड्याळाची वेळ लिहिलीत. साडेसातला तुम्ही गरज म्हणून दिलंत, आठला आईने वेळ झाली म्हणून दिलं. दोघीही आपापल्या जागी बरोबर होतात.

म्हणून तापाच्या औषधापुढे चार गोष्टी लिहा: केव्हा द्यायचं, किती मिली द्यायचं, मागच्या डोसनंतर किती तासांच्या आत द्यायचं नाही, आणि २४ तासांत जास्तीत जास्त किती वेळा. त्याखाली एक रिकामा तक्ता आखा. जो कोणी औषध पाजेल, त्याने बाटलीचं झाकण लावायच्या आधी तिथे वेळ टाकायची. नंतर टाकू म्हटलं की राहूनच जातं. आणि पहिली नोंद तुमची हवी, घरातून निघण्यापूर्वीची. रात्रीचे डोससुद्धा लिहा, कारण २४ तास म्हणजे सकाळपासून नव्हे. आज रात्री दहाला दिलेला डोस उद्या रात्री दहापर्यंत मोजणीत असतो.

एक विचारते. बाटलीवर काय लिहिलंय ते बघून इथे सांगाल का? नुसतं "पॅरासिटामॉल ३.५ मिली" एवढं पुरत नाही.

---

पारिजात | रात्री ९:४८

बघून आले. पोटात गोळाच आला. कपाटात तीन बाटल्या निघाल्या. कालची नवी, तिच्यावर "५ मिलीमध्ये २५० मिग्रॅ". मागच्या वर्षीची अर्धी, "५ मिलीमध्ये १२५ मिग्रॅ". आणि ती तान्ही असतानाचे ड्रॉप्स, "१ मिलीमध्ये १०० मिग्रॅ". तिन्हींची खोकी जवळपास एकाच रंगाची.

---

जुनी_परिचारिका | रात्री ९:५९

हेच बघायला लावायचं होतं. तुमच्या मुलीचा हिशेब करून दाखवते. नेहमीचं माप दर किलोला एका वेळी १० ते १५ मिग्रॅ, म्हणजे १२ किलोला १२० ते १८०. नव्या बाटलीत दर मिलीला ५० मिग्रॅ आहे, म्हणून ३.५ मिलीचे १७५ झाले. डॉक्टरांचं माप चोख आहे.

तेच ३.५ मिली मागच्या वर्षीच्या बाटलीतून दिले तर जेमतेम ८७ मिग्रॅ पडतील. ताप उतरणार नाही, आणि घरातली माणसं औषध लागू पडत नाही म्हणून लवकर लवकर देत सुटतील. ड्रॉप्समधून दिले तर ३५० मिग्रॅ, थेट दुप्पट. ड्रॉप्स लहान बाळाचे म्हणून सौम्य असतील, असं पुष्कळांना वाटतं. खरं उलटं आहे. बाळाला थेंबभरच पाजता यावं म्हणून ते जास्त घट्ट केलेले असतात.

दुप्पट डोस एकदा गेला, कळलं, थांबलात, तर तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं तसंच असतं. यकृताला धोका होतो तो दुप्पट डोस दोन-तीन दिवस न कळता जात राहिला तर. सर्दीच्या काही औषधांतही पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं, म्हणून ती बाटलीही आईच्या हाताशी नको.

आज रात्रीच जुन्या दोन बाटल्या काढून टाका. नव्या बाटलीबरोबर तोंडाने औषध पाजायची पिचकारी, म्हणजे बिनसुईची सिरिंज, रबरबँडने बांधून ठेवा. घरातला चमचा नको. कुठला चमचा ३ मिलीचा निघतो, कुठला ७ मिलीचा.

---

रानजाई | रात्री १०:०४

छान माहिती. माझं बाळ दहा आठवड्यांचं आहे. संध्याकाळपासून अंग गरम लागतंय, काखेत १०१ आला. दूध कमी प्यायलं आणि आता शांत झोपलंय. उद्या दुपारी दोन तास सासूबाईंकडे ठेवणार आहे. हाच कागद चालेल का? ड्रॉप्स किती द्यायचे तेवढं सांगा.

---

जुनी_परिचारिका | रात्री १०:०६

रानजाई, कागद राहू द्या. बाळाला आत्ता रुग्णालयात घेऊन जा, सकाळची वाट बघू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला तर डॉक्टरांनी त्याच वेळी तपासायचं असतं, बाळ कितीही शांत दिसलं तरी. त्यातून याने दूध कमी घेतलंय. ताप उतरवायला घरून काही पाजू नका. अंगावर घेत असाल तर वाटेत पाजत राहा. जाऊन आलात की इथे दोन शब्द लिहा.

---

रानजाई | रात्री १०:११

निघतोय.

---

आज्जी६८ | रात्री १०:४०

मी या कागदाच्या दुसऱ्या टोकाला असते. तीन नातवंडं सांभाळली, त्यामुळे पारिजातच्या आईला काय वाटलं असेल ते मला ठाऊक आहे.

मुली कागद फार बारीक अक्षरात लिहितात. चष्मा शोधेपर्यंत पोर रडून निळं होतं. मोठं लिहा, एका पानावर लिहा, आणि औषधाच्या खोक्यावरही लिहा. "भरपूर पाजा", "लक्ष ठेवा", "जास्त वाटलं तर" असे शब्द कृपा करून लिहू नका. माझं भरपूर आणि सुनेचं भरपूर यात फरक आहे. मागे नातवाला जुलाब होते तेव्हा दिवसभरात तीन पेले पाणी पाजलं, माझ्या मते ते पुष्कळ होतं. सून आली आणि तिचा चेहराच उतरला.

दुसरी गोष्ट तुम्हा तरुणांच्या ध्यानात येत नाही. "काही वाटलं तर फोन कर" असं लिहिलं की म्हातारं माणूस फोन करत नाही. ती कामात असेल, मीटिंगमध्ये असेल, उगाच घाबरवलं असं व्हायला नको, असं मनात येतं. आणि फोन लागला नाही तर वाट बघत बसतो. मला सुनेने मागच्या वेळी लिहून दिलं होतं, "यातलं एक जरी दिसलं तर मला न विचारता निघा, मी तिथेच येते." त्या एका ओळीने माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

---

कोरा_कागद | रात्री ११:०२

आमच्याकडच्या मावशींना वाचता येत नाही. मुलावर त्यांचा जीव आहे, हातही सराईत आहे, पण कागद काय कामाचा? मी पिचकारीवर ३.५ च्या रेघेला लाल पट्टी गुंडाळली आहे, तिथवरच ओढायचं. बाटलीला तशीच लाल पट्टी. नोंदीसाठी घड्याळाची चार कोरी वर्तुळं छापून ठेवते, औषध दिलं की मावशी त्यात काटे काढतात. आणि पहिला डोस त्यांच्या हातून माझ्यासमोर देऊन घेते. तोंडी सांगितलेलं सगळं "हो ताई, कळलं" असतं. करून दाखवायला सांगितलं की खरं कळतं. एकदा त्या पिचकारीतल्या हवेच्या बुडबुड्यासकट मोजत होत्या, ते असंच लक्षात आलं.

---

जुनी_परिचारिका | रात्री ११:२०

कोरा_कागद, करवून घेण्याची पद्धत लिहिता-वाचता येणाऱ्यांनाही लागू आहे. आज्जी, तुमचं "भरपूर"चं म्हणणं उचलते आणि पाजण्याकडे वळते, कारण जुलाबात ताप हा दुय्यम. मूल आडवं पडतं ते पाणी संपल्याने.

ओआरएसची पुडी कितीची आहे ते पाहा. मोठी पुडी १ लिटरची असते, छोटी २०० मिलीची. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मोठी पुडी अंदाजाने थोडी थोडी पेल्यात टाकणं. द्रावण खारट झालं तर जुलाब वाढतात आणि रक्तातलं मिठाचं प्रमाण धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. पातळ झालं तर उपयोग नाही. सकाळी तुम्हीच अख्खी पुडी मोजलेल्या १ लिटर पिण्याच्या पाण्यात विरघळवा आणि भांड्यावर वेळ लिहून ठेवा. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. साखर, रस, काही मिसळायचं नाही. खोक्यातली गोड "इलेक्ट्रोलाइट" पेयं ओआरएसच्या शेजारी ठेवलेली असली तरी ती ओआरएस नाहीत. त्यांतल्या साखरेने जुलाब वाढू शकतात.

किती पाजायचं? दोन वर्षांवरच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर १०० ते २०० मिली. त्याहून लहानाला ५० ते १००. पिचकारीने मोजून १०० मिली पाणी एका पेल्यात ओता आणि बाहेरून चिकटपट्टी लावा. आईने तेवढी पट्टी बघायची.

उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा सुरू, पण पेल्याने नाही. पिचकारीत ५ मिली घेऊन गालाच्या आतल्या बाजूला हळू सोडायचं, दर दोन मिनिटांनी. एवढ्याशाने काय होणार असं वाटतं, पण तासाभरात १५० मिली पोटात जातं. तहानलेलं मूल पेला हिसकावून घटाघटा पितं आणि सगळं उलटून टाकतं, मग घरचे म्हणतात याला काही टिकत नाही. पुष्कळदा टिकत नाही ते घाईमुळे.

औषध उलटलं तर? पॅरासिटामॉल दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर एकदा परत द्यायचं. अर्धा तास होऊन गेला असेल तर द्यायचं नाही, पुढची पाळी बघायची. दुसऱ्यांदाही उलटलं तर तिसरा प्रयत्न नको, डॉक्टरांना फोन.

---

दोन_पोरांचा_बाप | रात्री ११:३५

आयबुप्रोफेनचं माहीत नव्हतं. धाकट्याला मागच्या जुलाबात दिलं होतं, आठवून अंगावर काटा आला. पोटाला आराम देण्याचंही आमच्या घरात पिढीजात चालत आलंय.

पण ताप उतरलाच नाही तर आजीने काय करायचं? औषध दिल्यावर तासाने १०३ चा १०१ झाला, तर लागू पडलं म्हणायचं की नाही?

---

जुनी_परिचारिका | रात्री ११:५०

पडलं. आकडा ९८ वर आणणं हे त्या औषधाचं कामच नाही. मुलाला बरं वाटून चार घोट पोटात जावेत म्हणून ते द्यायचं. ताप १०१ आहे पण मूल खेळतंय, तर औषध नाही दिलं तरी चालतं.

औषध दिल्यावर तासाभराने आजीने आकड्यापेक्षा मुलाकडे बघावं. तापात मूल मलूल असतंच. पण ताप थोडा उतरल्यावर ते डोळ्यात बघतं, काहीतरी मागतं, चिडतं तरी. ताप उतरूनही अंग ढिलं पडलेलं असेल, हाक मारून, हलवून नीट जागं होत नसेल, नजर लावत नसेल, तर ती झोप नव्हे. तो निघायचा क्षण.

---

ओसरी | रात्री ११:५८

मी एक भर घालते. कागदावर मिनिटाला श्वास किती ते लिहा. एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त म्हणजे जलद. न्युमोनिया असाच पकडतात. आमच्या मुलाचा असाच पकडला होता.

---

आज्जी६८ | मंगळवार, सकाळी ६:१०

मला नाही जमत बाई. मूल हलतं, माझी मोजणी चुकते, परत पहिल्यापासून. एकदा ४४ आले, मग ३६, आणि जीव टांगणीला लागला. बरगड्यांखाली खड्डा पडतोय का ते मात्र मला चटकन दिसतं.

---

जुनी_परिचारिका | सकाळी ६:३०

ओसरी, आकडा बरोबर आहे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचं, रडताना किंवा भर तापात मोजलं तर उगाच जास्त येतं. पण घरच्या कागदावर तो लिहावा की नाही, यावर आमच्या विभागातही कधी एकमत झालं नाही. ज्यांना मोजायचा सराव आहे त्यांना लिहून द्यावा, असं मला वाटतं. आज्जींसारख्यांना "श्वास घेताना बरगड्यांखाली आत ओढलं जातंय, धाप लागलीय, कण्हतेय" हे पुरे. खोकला नसलेल्या, जुलाबाच्या मुलीच्या कागदावर मी आकडा लिहिला नसता.

---

ओसरी | सकाळी ६:४१

मी लिहिला असता. माझ्या सासूबाईंनी मोजला म्हणूनच आम्ही वेळेत पोहोचलो.

---

पारिजात | सकाळी ७:२०

पहाटे उठून कागद लिहिला. आकडा नाही घातला, आईला विचारलं तर तीही आज्जींसारखंच म्हणाली. जाड पेनने, एकाच पानावर:

वजन १२ किलो. कुठल्याही औषधाची ॲलर्जी नाही.

ताप (लाल पट्टीची बाटली, ५ मिलीत २५० मिग्रॅ): अंग तापलंय आणि ती कसनुशी झालीय, तरच ३.५ मिली, पिचकारीने. बाटली आधी हलव. मागच्या डोसला ६ तास झाल्याशिवाय नाही. २४ तासांत ४ वेळांपेक्षा जास्त नाही. झोपली असेल तर औषधासाठी उठवू नकोस.
दिलेलं: काल रात्री ११:१५ (मी). आज सकाळी ६:३० (मी). म्हणजे १२:३० च्या आधी नाही. पुढे तू लिही: ____ ____

झिंक (निळी पट्टी): आजचं मी ७ ला दिलं. तू द्यायचं नाहीस.

पाजणं: जगमधलं ओआरएस, सकाळी ७ ला केलंय. प्रत्येक पातळ शीनंतर पट्टीपर्यंत एक पेला, मागितलं तर आणखी. उलटी झाली तर १० मिनिटं थांब, मग दर दोन मिनिटांनी पिचकारीने ५ मिली. खायला मागितलं तर रोजचं दे, बळजबरी नको.
शी / शू / उलटी / किती पेले, रेघा मार.

मला फोन कर (मी उचलला नाही तर तिच्या बाबांना, मग डॉक्टरांना): तासाभरात तीनपेक्षा जास्त पातळ शी. औषध दोनदा उलटलं. दुपारपर्यंत शू झाली नाही.

मला न विचारता निघ: काहीच पीत नाही किंवा प्यायलेलं सगळं उलटतंय. उठवून नीट जागी होत नाही. झटका आला. श्वासाला त्रास. शीमध्ये रक्त. हिरवी उलटी. डोळे खोल गेलेत आणि रडताना पाणी येत नाही. मान आखडली, किंवा अंगावर असे लाल-जांभळे ठिपके आलेत की पारदर्शक पेला दाबला तरी फिके होत नाहीत.

झटका आला तर: कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस, घड्याळ बघ, रुग्णवाहिका बोलाव. फाइल आणि पिशवी दाराशी आहे.

काही राहिलं का?

---

जुनी_परिचारिका | सकाळी ७:३५

दोन बारीक गोष्टी. झिंकपुढे "१४ दिवस द्यायचं, जुलाब थांबले तरी" असं लिहा. आजचा प्रश्न नाही, पण चौथ्या दिवशी शी घट्ट झाली की घरोघरी ती बाटली बंद होते.

आणि शू. डायपरमध्ये पाण्यासारखी शी असली की शू झाली की नाही हे कुणालाच कळत नाही. शी पुढे पसरली की पंचाईत होतेच, तरी डायपरच्या आत, पुढच्या बाजूला कापसाचा छोटा बोळा ठेवून बघा. तो पिवळसर ओला दिसला तर शू. शीने बरबटला तर धरू नका. मग जीभ आणि ओठांची आतली बाजू बघायची. ओली, चकचकीत असली तर तूर्त ठीक. कोरडी, चिकट असली तर शू झाली असं समजून चालू नका.

---

पारिजात | सकाळी ७:४४

दोन्ही घातलं. आईकडून एकदा ३.५ मिली पाणी ओढून घेतलं. तिने पिचकारीचा काळा दट्ट्या वरच्या कडेऐवजी खालच्या कडेला धरून मोजला होता. बरं झालं, आधीच कळलं. निघते.

---

रानजाई | दुपारी १:१५

बाळाला भरती करून घेतलंय. लघवीचा संसर्ग असावा असं म्हणाले, रक्ताचे आणि लघवीचे नमुने गेलेत, शिरेतून अँटिबायोटिक चालू आहे. कल्चरला अजून दोन दिवस. दूध घेतोय. रात्री इथे लिहिलं नसतं तर मी सकाळपर्यंत झोपू दिलं असतं.

---

जुनी_परिचारिका | दुपारी १:४०

तिथले लोक बघताहेत ते उत्तम. कल्चर आलं की कळवा. आणि तुम्हीही काही खाऊन घ्या, पाजायचंय तुम्हाला.

---

पारिजात | संध्याकाळी ७:०५

घरी आले. आईचा कागद जसाच्या तसा उतरवते: औषध १२:५० ला ३.५. पुढे काही नाही, कारण "चारला ९९.८, खेळत होती". पातळ शी ५, उलटी १ (९:२०, ओआरएसनंतर, पेल्याने प्यायली होती). मग पिचकारी. पेले ६ रेघा, शिवाय समासात तिने स्वतःच लिहिलंय, "पिचकारीचे ३०". म्हणजे ६०० आणि १५०, दिवसात साडेसातशे मिली. शूच्या रकान्यात ११:०० ला एक रेघ, ३:०० ला एक, आणि पाचला प्रश्नचिन्ह. त्यापुढे, "बोळा बरबटला. जीभ ओली."

फोन एकदाच केला तिने, साडेनऊला. उलटी झाली म्हणून नाही, दहा मिनिटं होऊन गेल्यावर आता सुरू करू ना, एवढं विचारायला.

---

आज्जी६८ | संध्याकाळी ७:३०

आईला सांग, समासातलं वाचून मला फार बरं वाटलं. आणि आता एक विचारते. रात्री झोपेत शी झाली तर ओआरएससाठी उठवायचं का? मी उठवते. सून म्हणते झोपू दे.

---

जुनी_परिचारिका | संध्याकाळी ७:५०

दिवसभर छान प्यायली असेल, जीभ ओली असेल आणि रात्री एखाददुसरीच शी असेल, तर मी झोपू देते, जाग आली की लगेच पाजते. लागोपाठ दोन-तीन मोठ्या पाण्यासारख्या शी झाल्या तर अर्धवट झोपेतच डोकं वर उचलून धरून पिचकारीने देते. पण चमच्या-दोन चमच्यांना गिळते का ते आधी बघून. एवढ्यानेही जागी होत नसेल, तर तो पाजण्याचा प्रश्न राहत नाही.

---

पारिजात | संध्याकाळी ७:५८

हे रात्रीच्या कागदावर घालते. आज रात्री दोन ते सहा बाबांची पाळी आहे.